वेळेवर पोचलेल्या ऑर्डरींत लपलेला उशीर

प्रश्न एका ओळीचा होता. ऑर्डर उशिरा पोचली की रिफंडची मागणी वाढते का, आणि रेटिंग पडतं का? विचारणाऱ्या होत्या ग्राहक सेवेच्या प्रमुख. त्यांच्या माणसांना दिवसभर "कधी येणार?" एवढंच ऐकावं लागत होतं, त्यामुळे त्यांच्या मते उत्तर उघड होतं. डिलिव्हरीचं काम बघणारे साहेब मात्र शांत होते. त्यांच्याकडे डॅशबोर्ड होता. "मॅडम, आपल्याकडे उशीर फक्त ५ टक्के आहे. आणि उशिरा गेलेल्यांत रिफंड ६ टक्के, वेळेवर गेलेल्यांत ४. दोन टक्क्यांसाठी एवढा गोंधळ कशाला?"

घरगुती वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाचं हे प्रकरण आहे. दुकानाचं नाव नाही, आणि आकडे हिशेब समजावा म्हणून बसवलेले आहेत. ते कुठल्याही बाजाराची सरासरी म्हणून वाचू नका. घोळ मात्र सगळे खरे आहेत, ऑर्डरींचा डेटा हाताळणाऱ्या कुणालाही ते भेटतात.

बारा आठवड्यांच्या ४०,००० ऑर्डरी माझ्यासमोर होत्या. डॅशबोर्डचा हिशेब त्यातल्या पोचलेल्या ३८,८०० ऑर्डरींवर होता. १,९४० उशिरा, त्यात ११६ रिफंडच्या मागण्या. उरलेल्या ३६,८६० वेळेवर, त्यात १,४७४ मागण्या. भागाकार करून पाहिला, बरोबर होता. साहेब खोटं बोलत नव्हते.

मग मी आकडे बाजूला ठेवले आणि रिफंड मागितलेल्या साठ ऑर्डरी एकेक करून उघडल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण हिशेबाआधी ते केल्याशिवाय मी पुढे जात नाही. सतराव्या की अठराव्या ऑर्डरीवर हात थांबला.

ऑर्डर ३ तारखेला दिलेली. पैसे भरताना ग्राहकाला पडद्यावर दिसलं होतं, "९ तारखेपर्यंत पोचेल". १० तारखेला तिनं एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, "अजून आलंच नाही." ११ तारखेला रिफंड मागितला. पार्सल १४ तारखेला दारात पोचलं, तिनं ते परत पाठवलं. आणि आमच्या डेटात या ऑर्डरीपुढे काय लिहिलेलं? वेळेवर. नुसतं वेळेवर नाही, एक दिवस आधी.

याचं कारण `orders` टेबलातल्या `estimated_delivery` या रकान्यात होतं. कुरिअरकडून "उशीर होतोय" असा निरोप आला की आमची यंत्रणा त्या रकान्यातली तारीख पुढे सरकवायची. ९ ची १२ झाली, १२ ची १५ झाली. जुनी तारीख पुसली जायची. ग्राहकाला ट्रॅकिंगच्या पानावर नवी तारीख दिसावी म्हणून कुणीतरी केलेली ती सोय होती, आणि त्या कामापुरती योग्यच होती. पण डॅशबोर्ड उशीर मोजताना तोच रकाना वाचत होता. म्हणजे परीक्षेची तारीख विद्यार्थी पोचेल तशी पुढे ढकलायची आणि मग म्हणायचं, सगळे वेळेवर आले.

यातली खरी गोम पुढे आहे. तारीख प्रत्येक वेळी सरकत नव्हती. एका दिवसाच्या उशिराला कुरिअर निरोपच पाठवत नसे. दोन दिवस किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं तरच निरोप यायचा. म्हणून डॅशबोर्डवर "उशिरा" म्हणून राहिले ते बहुतेक एका दिवसाचे किरकोळ उशीर, आणि मोठे उशीर "वेळेवर"च्या ढिगात जाऊन बसले. त्यामुळे दोन्ही ढिगांतला फरक दोन्हीकडून दाबला गेला. उशिराचा गट सौम्य झाला, वेळेवरचा गट बिघडला. साहेबांचे ६ आणि ४ टक्के असे जवळ आले होते.

पहिलं वचन कुठे शिल्लक होतं का? होतं. तारीख पहिल्यांदा लागली की, आणि पुढे दर वेळी बदलली की, एक नोंद वेगळ्या टेबलात पडायची, `promise_events` मध्ये. ते टेबल कुणी वाचत नव्हतं. प्रत्येक ऑर्डरीची त्यातली सगळ्यात पहिली तारीख घेतली की ग्राहकानं पैसे भरताना जी पाहिली ती मिळते. उशीर मोजायचा तो तिच्यापासून, कारण ग्राहकानं आपली कामं त्या तारखेवर आखलेली असतात. कुरिअरची कामगिरी तपासायची असेल तर सरकवलेली तारीखही उपयोगाची आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे.

दुसरा घोळ लहान, पण खोडकर. वचनाची तारीख टेबलात मध्यरात्रीच्या वेळेसह साठवलेली होती, ९ तारीख, ००:०० वाजता. पोचल्याची वेळ मात्र खरी, समजा ९ तारखेची दुपारी ४. दोन्हींची थेट तुलना केली की यंत्र म्हणतं, सोळा तास उशीर. ग्राहकाच्या लेखी मात्र "९ पर्यंत" म्हणजे ९ चा दिवस संपेपर्यंत. असे ४०० निर्दोष पार्सल उशिराच्या खात्यात पडले होते. ज्यांना हा खड्डा स्वतः पाहायचा आहे त्यांनी ओलिस्ट या ब्राझीलमधल्या कंपनीचा सार्वजनिक डेटासेट उघडावा. २०१६ ते २०१८ मधल्या सुमारे एक लाख ऑर्डरी त्यात आहेत, आणि `order_estimated_delivery_date` या रकान्यात प्रत्येक तारखेपुढे मध्यरात्रच लिहिलेली आहे. वेळ काढून टाकायची आणि तारखेशी तारीख लावायची, एवढाच उपाय.

तिसरी गोष्ट जोडणीची. रिफंडचं टेबल ऑर्डरीला जोडलं तेव्हा ४०,००० ऑर्डरींच्या ४४,३१० ओळी झाल्या. एकाच ऑर्डरीतल्या तीन वस्तूंसाठी तीन मागण्या, किंवा पहिली नाकारली म्हणून दुसऱ्यांदा केलेली मागणी, अशा प्रत्येकीची ऑर्डर पुन्हा पुन्हा मोजली जात होती. चिडलेला ग्राहक जास्त वेळा मागणी करतो, म्हणून हा फुगवटा उशिराच्या बाजूला जास्त होता. म्हणजे ही चूक आमच्या संशयाला पुष्टी देणारी होती. आपल्याला हवं ते दाखवणारी चूक शोधायला आपण जात नाही, हे मी स्वतःला बजावत असते. आधी प्रत्येक ऑर्डरीची पहिली मागणी काढायची, मग जोडायचं:

```sql
WITH p AS (
  SELECT order_id, promised_date,
         ROW_NUMBER() OVER (
           PARTITION BY order_id
           ORDER BY event_time) AS rn
  FROM promise_events
),
r AS (
  SELECT order_id,
         MIN(requested_at) AS first_request
  FROM refund_requests
  GROUP BY order_id
)
SELECT o.order_id, p.promised_date,
  CASE
    WHEN o.delivered_at IS NULL
      THEN 'not_delivered'
    WHEN CAST(o.delivered_at AS DATE)
         > p.promised_date THEN 'late'
    ELSE 'on_time'
  END AS status,
  r.first_request
FROM orders o
JOIN p ON p.order_id = o.order_id AND p.rn = 1
LEFT JOIN r ON r.order_id = o.order_id;
```

चालवल्यावर पहिलं काम म्हणजे ओळी मोजणं. बरोबर ४०,००० आल्या पाहिजेत. कमी आल्या तर काही ऑर्डरींना वचनाची नोंदच नाही, जास्त आल्या तर कुठेतरी अजून दुहेरी जोडणी आहे. एक ऑर्डर दोन पार्सलांत जात असेल तर पोचल्याची वेळ शेवटच्या पार्सलाची धरायची. अर्धं सामान हातात पडलं म्हणून ग्राहक ऑर्डर पूर्ण झाली असं मानत नाही.

आता ढीग पुन्हा लावले. पोचलेल्या ३८,८०० पैकी ३३,६०० खरोखर वेळेवर, ५,२०० उशिरा. वेळेवरच्यांत १,००८ मागण्या, म्हणजे ३ टक्के. उशिराच्यांत ५८२, म्हणजे ११.२ टक्के. मागण्यांची एकूण संख्या तीच, १,५९०. फक्त योग्य ढिगात गेली.

डॅशबोर्डच्या हिशेबात नसलेल्या १,२०० ऑर्डरी उरल्या होत्या, कधीच न पोचलेल्या. पोचल्याची वेळ रिकामी म्हणून त्या आपोआप गळल्या होत्या. त्यांतल्या ३०० ग्राहकांनी वचनाची तारीख उलटण्याआधीच रद्द केल्या होत्या, त्यांचा उशिराशी संबंध नाही. उरलेल्या ९०० तारीख उलटून गेल्यावर हरवल्या, परत फिरल्या किंवा रद्द झाल्या. त्यांत ७०२ जणांनी रिफंड मागितला होता, ७८ टक्के. बाकीच्यांना मागण्याआधीच यंत्रणेनं पैसे परत केले होते.

ग्राहक सेवेच्या मॅडमना हा आकडा फार आवडला. तो मिसळला की उशिराच्या गटातलं रिफंडचं प्रमाण २१ टक्क्यांवर जातं, आणि "३ विरुद्ध २१" असं वाक्य बैठकीत गाजतं. मी तो मिसळला नाही. वस्तू मिळालीच नाही तर पैसे परत मागणारच, त्यात शोध कसला? शिवाय या गटात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. काही पार्सलं पोचली नाहीत ती ग्राहकानं रिफंड मागितल्यावर वाटेतून परत बोलावली म्हणून. त्यांच्याबाबत "पोचलं नाही म्हणून रिफंड" आणि "रिफंड म्हणून पोचलं नाही" ही दोन्ही वाक्यं खरी असतात. हा गट गाळायचा नाही आणि मिसळायचाही नाही. वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावानं दाखवायचा.

पोचलेल्या उशिराच्या ५,२०० ऑर्डरी दिवसांप्रमाणे फोडल्या तेव्हा चित्र असं दिसलं:

| उशीर | ऑर्डरी | रिफंडच्या मागण्या | प्रमाण |
|---|---|---|---|
| १ दिवस | २,१०० | १०५ | ५% |
| २ ते ३ दिवस | १,७०० | १७० | १०% |
| ४ ते ७ दिवस | १,००० | १९० | १९% |
| ८ दिवस वा जास्त | ४०० | ११७ | २९% |

उशीर वाढतो तसं प्रमाण पायरीपायरीनं चढतं. नातं खरं असण्याच्या बाजूनं हा पुरावा आहे, पण एकट्यानं पुरेसा नाही. कारण साहेबांनी लगेच योग्य जागी बोट ठेवलं. "मोठं सामान उशिरा जातं आणि तेच जास्त परत येतं. कपाट खोलीत मावलं नाही म्हणून परत केलं, तर त्यात माझ्या गाडीचा काय दोष?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तपासला. मोठ्या वस्तूंत वेळेवर पोचलेल्या ३,६०० ऑर्डरींतही २५८ मागण्या होत्या, ७ टक्क्यांच्या थोडं वर. लहान वस्तूंत वेळेवरच्या ३०,००० मध्ये ७५०, म्हणजे अडीच टक्के. आणि उशिराच्या ढिगात मोठ्या वस्तूंचा वाटा खरंच जास्त होता, ५,२०० पैकी १,६००. म्हणजे उशीर झाला नसता तरी त्या ढिगातलं प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा वर राहिलं असतं.

किती वर, तेही मोजता येतं. उशिराच्या ३,६०० लहान ऑर्डरींना वेळेवरच्या लहानांचं अडीच टक्के प्रमाण लावलं तर ९० मागण्या येतात. १,६०० मोठ्यांना वेळेवरच्या मोठ्यांचं प्रमाण लावलं तर सुमारे ११५. म्हणजे या सगळ्या वेळेवर पोचल्या असत्या तर अंदाजे २०५ मागण्या आल्या असत्या. प्रत्यक्षात आल्या ५८२. उशिराच्या माथी जास्तीत जास्त ३७७ जातात. वस्तूचा आकार विचारात न घेता सरसकट ३ टक्के लावले असते तर ४२६ गेल्या असत्या. ही ४९ मागण्यांची तफावत साहेबांच्या आक्षेपाची किंमत. आक्षेप बरोबर होता, पण एवढाच होता.

आणखी एक वजाबाकी बाकी होती. ५८२ पैकी ३६ मागण्या वचनाच्या तारखेआधीच केलेल्या होत्या. अजून उशीर झालेलाच नाही तर तो कारण कसा असेल? या ३६ सरळ ३७७ मधून काढल्या. खरं तर २०५ च्या अंदाजातही अशा काही असणार, त्यामुळे हिशेब जरा कंजूष झाला. पण आक्षेप घेणारा समोर बसलेला असताना कंजूष हिशेब बरा. उरल्या ३४१. म्हणजे उशिरा पोचलेल्या दर शंभर ऑर्डरींमागे साडेसहाच्या आसपास जादा मागण्या.

यातही एक गोष्ट आधी सांभाळली नाही तर आकडा फसवा होतो. रिफंड मागायला दिवस लागतात. काल पोचलेल्या ऑर्डरीवर आज मागणी नाही याचा अर्थ ती कधी येणारच नाही असा होत नाही. आणि उशिरा पोचलेली ऑर्डर नेहमीच अलीकडे पोचलेली असते, म्हणून तिला मागणीसाठी कमी दिवस मिळतात. शेवटच्या ऑर्डरीचं वचन संपल्यावर ३० दिवस थांबून मगच मी डेटा उचलला होता. घाईनं उचलला असता तर उशिराचं प्रमाण खोटं कमी दिसलं असतं.

एवढं करूनही मन पूर्ण भरत नाही. वस्तूचा आकार तपासला, पण ग्राहक कुठल्या भागातला, विक्रेता कसा, घाईचा सण होता का, अशा किती गोष्टी फोडत बसणार? म्हणून मी अशी जागा शोधत होते, जिथे उशीर वस्तूमुळे वा ग्राहकामुळे झालाच नाही. ती मिळाली. त्या बारा आठवड्यांत एका वर्गीकरण केंद्रातला पट्टा बिघडून चार दिवस बंद पडला होता. त्या वेळी तिथे अडकलेल्या ६४० ऑर्डरींचा एकच गुन्हा, त्या चुकीच्या दिवशी तिथून जात होत्या. त्यांची वचनं आधीच दिलेली होती, वस्तू नेहमीच्याच होत्या.

इथे मोह असा होतो की त्या ६४० मधल्या फक्त उशिरा पोचलेल्या घ्यायच्या. तसं करायचं नाही. कुठल्या पार्सलाला पुढे ढकलायचं हे तिथल्या माणसांनी ठरवलं असेल, आणि ते निवडताना पुन्हा वस्तूचा आकार मध्ये येतो. म्हणून सगळ्या ६४० घेतल्या, वेळेवर पोचलेल्यांसकट. त्यांत ६१ मागण्या होत्या, साडेनऊ टक्के. त्याच केंद्रातून आधीच्या चार आठवड्यांत गेलेल्या ऑर्डरींत ३.२ टक्के. फरक ६.३ टक्क्यांचा. उशिराचा वाटा या काळात १२ टक्क्यांवरून ८१ वर गेला होता, ६९ टक्क्यांची वाढ. ६.३ ला ०.६९ नं भागलं की दर शंभर जादा उशिरांमागे ९ जादा मागण्या येतात.

साडेसहा आणि नऊ. पहिल्या नजरेत जुळत नाहीत, पण या केंद्रातले उशीर बहुतेक तीन-चार दिवसांचे होते, तर एकूण ढिगात चाळीस टक्के उशीर एका दिवसाचे. मोठा उशीर म्हणजे मोठा परिणाम, हे वरच्या तक्त्यातच आहे. ६४० ऑर्डरी फार नाहीत, दहा-पंधरा मागण्या इकडेतिकडे झाल्या तर हा आकडा हलतो. तरी दिशा तीच आणि माप त्याच घरातलं. इथे साहेबांनी वही उघडली आणि पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं.

रेटिंगचं प्रकरण दिसायला सोपं आणि आतून जास्त नासलेलं. वेळेवरच्या ३३,६०० पैकी ६,७२० जणांनी, म्हणजे २० टक्क्यांनी रेटिंग दिलं. त्यात एक वा दोन स्टार देणारे ६७२, म्हणजे १० टक्के. उशिराच्या ५,२०० मध्ये रेटिंग दिलेले १,५६०, म्हणजे ३० टक्के, आणि त्यात एक-दोन स्टारवाले ५९३, म्हणजे ३८ टक्के.

पहा, उशीर झाला की फक्त रेटिंग पडत नाही, रेटिंग देणाऱ्यांची संख्याही वाढते. रागावलेला माणूस लिहितो, समाधानी माणूस फोन खिशात ठेवतो. म्हणून "रेटिंग दिलेल्यांपैकी किती" आणि "एकूण ऑर्डरींपैकी किती" ही दोन वेगळी उत्तरं येतात. पहिल्या मापानं १० विरुद्ध ३८, जवळजवळ चौपट. दुसऱ्या मापानं २ विरुद्ध ११.४, जवळजवळ सहापट. उशिरामुळे किती ग्राहक दुखावले याचं उत्तर यांपैकी कुठलंच माप सरळ देत नाही, कारण न लिहिणाऱ्यांच्या मनातलं डेटात नाही. पण उशिरामुळे किती वाईट रेटिंग पानावर चढलं हे विचारायचं असेल तर दुसरं माप बरोबर आहे. सरासरी स्टार मी काढलेच नाहीत. लोक एक तरी देतात नाहीतर पाच, मधे फारसं कुणी राहत नाही. अशा ठिकाणी ३.४ ची सरासरी म्हणजे कुणीच न दिलेलं रेटिंग.

आता ती १० तारखेची एक स्टारवाली ग्राहक आठवा. पार्सल १४ ला पोचलं. मग १० ला तिच्याकडे रेटिंग मागायला संदेश गेला कसा? नियम असा होता की वस्तू पोचली की संदेश पाठवायचा, किंवा पहिल्या वचनाची तारीख उलटली की पाठवायचा, जे आधी होईल ते. दुसरी अट बहुधा डिलिव्हरीची नोंद राहून गेली तर संदेश अडकू नये म्हणून घातली असावी. हे आमच्याकडेच होतं असं नाही. वर सांगितलेल्या ओलिस्टच्या डेटातही सर्वेक्षणाचा ईमेल वस्तू मिळाल्यावर किंवा अंदाजे तारीख आल्यावर जातो, असं त्याच्या वर्णनातच लिहिलं आहे. आमच्याकडे परिणाम असा की वस्तू हातात नसलेल्या माणसाला आम्ही विचारत होतो, "वस्तू कशी वाटली?"

उशिराच्या ५९३ वाईट रेटिंगांपैकी २१० पार्सल पोचण्याआधीची निघाली. एक तृतीयांशाहून जास्त. ती रेटिंग वस्तूच्या पानावर लागत होती. खोका उघडलाही नव्हता आणि विक्रेत्याची वस्तू वाईट ठरली होती. खरेदी विभाग त्याच रेटिंगवरून कुठल्या वस्तू बंद करायच्या ते ठरवत होता. या २१० ना "उशिरामुळे पडलेलं रेटिंग" म्हणण्यात चूक नाही, पण त्यांतला काही भाग उशिराचा नसून चुकीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचा आहे. दोन्ही वेगळे करायचे तर आधी संदेशाचा नियम बदलावा लागतो. जुन्या डेटातून ते सुटत नाही. हा नियम त्याच आठवड्यात बदलला. एवढ्या सगळ्यात सर्वांत स्वस्त दुरुस्ती तीच होती.

रिफंड आणि वाईट रेटिंग यांची बेरीज करून "इतके ग्राहक गमावले" असा आकडा कुणीतरी सादरीकरणात टाकला होता, तो काढायला लावला. उशिराच्या ५८२ रिफंडवाल्यांपैकी १७४ जणांनी रेटिंगही दिलं होतं, आणि त्यांतले १४८ एक-दोन स्टारवाले. बेरजेत हे दोनदा येतात.

रिफंडच्या अर्जातलं "कारण" हा रकाना मात्र निरुपयोगी ठरला. उशिराच्या कितीतरी मागण्यांवर "विचार बदलला" असं होतं. त्या यादीतला तो सगळ्यात वरचा पर्याय. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलेलं वाचलं की कळतं, "ज्या दिवसासाठी मागवलं होतं तो दिवस गेला." विचार बदलला हे खरंच आहे म्हणा.

उपाय काय, यावर बैठक झाली तेव्हा पहिली सूचना आली की वचनाची तारीखच दोन दिवस पुढची दाखवू. उशीर आपोआप कमी होईल. होईलच, तक्त्यातल्या १ दिवसाच्या २,१०० आणि २ दिवसांच्या सगळ्या ऑर्डरी एका रात्रीत "वेळेवर" होतील, गाडी जराही लवकर न निघता. काही प्रमाणात हे प्रामाणिकही आहे. जिथे आपण नेहमीच दोन दिवस चुकतो तिथे खरी तारीख सांगणं योग्य. पण लांबची तारीख पाहून किती जण ऑर्डरच देणार नाहीत, हे या डेटात कुठेच नाही. तो केवळ ऑर्डर दिलेल्यांचा आहे.

दुसरी सूचना जास्त बरी वाटली. २ ते ३ दिवस उशिराच्या १,७०० ऑर्डरींत ८०० ग्राहकांना तारीख उलटण्याआधी "उशीर होतोय, नवी तारीख ही" असा संदेश गेला होता, ९०० जणांना गेला नव्हता. संदेश गेलेल्यांत ५६ मागण्या, ७ टक्के. न गेलेल्यांत ११४, पावणेतेरा टक्के. मॅडम लगेच म्हणाल्या, "मग सगळ्यांना पाठवू या." मी थांबवलं. संदेश कुणाला गेला? ज्यांच्या कुरिअरनं वेळेत निरोप दिला त्यांना. निरोप देणारं कुरिअर बाकीच्या बाबतीतही नीट असेल, पार्सल कमी आदळत असेल, माणूस नीट बोलत असेल. फरक संदेशाचा की कुरिअरचा, हे इथून सांगता येत नाही. एकाच कुरिअरच्या आत तुलना करून पाहिली, तर दोन मोठ्या कुरिअरांपैकी एकात फरक टिकला, दुसऱ्यात जवळजवळ विरला.

म्हणून चाचणी लावली. उशीर होणार असं कळलं की ऑर्डर क्रमांकाचा शेवटचा आकडा सम असेल तर संदेश जाईल, विषम असेल तर नेहमीप्रमाणे. आधी हे तपासलं की क्रमांक ओळीनं पडतात आणि शेवटच्या आकड्याला विक्रेता किंवा भागाचा काही अर्थ नाही. काही यंत्रणांत तो असतो. मोजायचं काय तेही आधी लिहून ठेवलं: पहिल्या वचनापासून ३० दिवसांत आलेली पहिली मागणी, आणि एकूण ऑर्डरींपैकी एक-दोन स्टारवाल्यांचं प्रमाण. १० चे ७ टक्के होतात का हे खात्रीनं दिसायला प्रत्येक बाजूला साधारण १,४०० ऑर्डरी लागतील असा हिशेब आला. २ ते ३ दिवसांचे उशीर आमच्याकडे बारा आठवड्यांत १,७०० होतात, म्हणजे पाच महिने. साहेबांनी विचारलं, "तोवर डॅशबोर्डवर काय दाखवायचं?" पहिल्या वचनाप्रमाणे मोजलेला उशीर, १३.४ टक्के. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवायला सांगितले, जुना ५ आणि नवा १३.४, आणि नव्याखाली बारीक अक्षरात व्याख्या.